रात्रीच्या हेल्पलाइनची ड्यूटी लावताना या चुका टाळा

वेळापत्रकात प्रत्येक तासापुढे दोन नावं दिसली की ड्यूटी लावणारा निर्धास्त होतो. मीही व्हायचो. कागदावर दोन आणि लाइनवर एक, असं अनेकदा झाल्यावर लक्षात आलं की गडबड नावांत नसते, पाळी बदलण्याच्या वेळेत असते.

समजा, मानसिक आधार देणारी लाइन रात्री १० ते सकाळी ६ चालते. क आणि ख यांची ड्यूटी १० ते २, ग आणि घ यांची २ ते ६. हिशेब चोख दिसतो. आता पावणेदोनला ख ला एक अवघड फोन येतो. दोन वाजता ग हजर होतो, घ अजून आलेला नाही. क ची वेळ संपली, समोर ग दिसतो आहे, म्हणून तो ‘सगळं शांत आहे’ म्हणून निघतो. ख फोनवर अडकलेली, त्यामुळे नवे फोन घ्यायला ग एकटा. घ वीस मिनिटांनी येतो. ख चा फोन २:३५ ला संपतो. फोन करणाऱ्याने जाताना सांगितलेलं असतं, ‘झोप लागली नाही तर परत करीन.’ थकलेली ख ते नोंदवायचं विसरते आणि निघते. ३:१० ला तोच माणूस परत फोन करतो. ग त्याला विचारतो, ‘बोला, काय झालं?’ तो म्हणतो, ‘पुन्हा पहिल्यापासून सांगू का?’ आणि फोन ठेवतो.

यात कामचुकार कोणीच नव्हतं. चूक ड्यूटी लावण्यातच होती: दोघं एकदम गेले आणि दोघं एकदम आले. रात्र पाहिलेलं माणूस मागे कोणीच उरलं नाही.

जोडी एकदम बदलू नका

पाळ्या सरकवून लावा. क १० ते १२, ख १० ते २, ग १२ ते ४, घ २ ते ६, च ४ ते ६. मग १२, २ आणि ४ ला प्रत्येकी एकच माणूस बदलतो आणि दुसऱ्याला आधीचे दोन तास ठाऊक असतात. येणाऱ्याची हजेरी पाळीच्या पंधरा मिनिटं आधी धरायची. त्या पाव तासात जाणारा नवा फोन घेत नाही, फक्त चार्ज देतो. राहणारा लाइन सांभाळतो. चार्ज देऊन झाला की येणारा लाइनवर बसतो.

जाणारा फोनवरच अडकला असेल तर? चालू फोन मधेच दुसऱ्याच्या हाती देऊ नका. ज्याने घेतला त्यानेच तो पुरा करायचा. तोवर चार्ज राहणारा देतो, आणि अडकलेला आपल्या शेवटच्या फोनची नोंद लिहून, बोलून मगच उठतो. येणाऱ्याला उशीर झाला तर जाणारा थांबतो, हे भरती करतानाच सांगून ठेवावं. ऐन वेळी सांगितलं की ते उपकार केल्यासारखं होतं.

याची किंमत आहे. रात्रीला चारऐवजी पाच माणसं लागतात, म्हणजे आठवड्याला २८ ऐवजी ३५ पाळ्या भराव्या लागतात. शिवाय स्वयंसेवक केंद्रावर येत असतील तर कुणालाही रात्री दोनला घरी पाठवता येत नाही; तिथेच झोपायची सोय हवी. घरून फोन घेणाऱ्यांना ही अडचण नाही. माणसं पुरत नसतील तर मी लाइन लवकर बंद करेन आणि ती वेळ जाहीर करेन, पण एकट्याच्या भरवशावर चालू ठेवणार नाही. समोरच्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर एकाने बोलत राहायचं आणि दुसऱ्याने पर्यवेक्षकाला उठवायचं, मदत हलवायची, ही दोन कामं एका माणसाला एकाच वेळी जमत नाहीत.

‘शनिवारी रात्री दोन’ असं लिहू नका

ही चूक क्षुल्लक वाटते आणि पाळी रिकामी जाते ती बहुधा हिच्यामुळेच. आपल्या बोलण्यात उजाडेपर्यंत शनिवारच असतो, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये बारा वाजले की रविवार. एकजण शनिवार उजाडायच्या आधी तयार बसतो, दुसरा चोवीस तासांनी उगवतो. वेळापत्रकात ‘शनिवार उलटून रविवार पहाट, २ ते ६’ असं लिहा, तारखेसकट.

शीटमध्ये तर सुरुवात आणि शेवट या दोन्ही रकान्यांत तारीख व वेळ एकत्र भरा. नुसती वेळ भरली तर २२:०० ते ०२:०० या पाळीचा शेवट सुरुवातीच्या आधी येतो आणि मोजणी चुकते. B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, आणि F मध्ये रात्रीचा प्रत्येक पाव तास उतरवून शेजारी हे सूत्र द्या:

```
=COUNTIFS(B:B,"<="&F2,C:C,">"&F2)
```

त्या क्षणी ड्यूटीवर किती जण आहेत ते दिसतं. दोनपेक्षा कमी आकडा लाल होईल असं करून ठेवा. सुरुवातीच्या वेळेत आधीची पंधरा मिनिटं धरली असतील तर बदलाच्या पाव तासात तीन दिसायला हवेत. तिथे दोनच दिसले तर चार्ज द्यायला वेळच ठेवलेला नाही.

‘विशेष काही नाही’ हा चार्ज नव्हे

चार्ज देताना मी चारच गोष्टी विचारतो. परत फोन करू शकेल असं कोण आहे? आपण कुणाला काही कबूल केलं आहे का? कुणाबद्दल पर्यवेक्षकाला कळवलं, आणि त्यांचं उत्तर काय आलं? लाइन किंवा फोन त्रास देतोय का? उत्तर ‘नाही’ असेल तर तेही लिहायचं, कारण रिकामी जागा आणि ‘नाही’ यांत फरक आहे.

वरच्या प्रसंगात ख ची नोंद अशी हवी होती: ‘फोन क्र. ७, १:४५ ते २:३५. झोप न लागल्यास परत करणार. मोठ्या भावाशी सकाळी बोलायचं ठरवलं आहे. स्वतःला इजा करण्याबद्दल थेट विचारलं, नाही म्हणाला. पर्यवेक्षकाला कळवलेलं नाही.’ एवढ्यावर ग म्हणू शकला असता, ‘मघाशी आमच्या सहकाऱ्याशी बोललात ना? हवं तर तिथून पुढे बोलू.’ नाव नाही, नंबर नाही, फोनचा अनुक्रमांक पुरतो. ही नोंद हेल्पलाइनच्या वहीत किंवा बंद शीटमध्येच जावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली नोंद ड्यूटीवर नसलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पडून राहते.

लिहून झालं की तोंडी सांगा, आणि घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावं. त्यात एखादा मुद्दा सुटतोच, आणि तो तिथेच सापडतो. ‘चार्ज घेतला’ असं ऐकल्याशिवाय लॉगआउट करू नका. एक गोष्ट या चारांत बसत नाही, पण विचारायला हवी: ‘तू ठीक आहेस ना?’ अवघड फोनवरून उठलेल्याला तसंच झोपायला पाठवू नये.

अदलाबदल आणि राखीव

दोघांनी आपापसांत पाळी बदलली आणि शीट तसंच राहिलं, की दोघंही घरी. नियम एकच ठेवा: शीटवर नाव बदलेपर्यंत पाळी मूळ माणसाची.

राखीव म्हणून लावलेल्याचा फोन रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतं. हेल्पलाइनचा आणि पर्यवेक्षकाचा नंबर त्या सेटिंगमधून वगळायला सांगा. मग तो झोपायला गेला की एक फोन लावून बघा. उचलला नाही तर राखीव नाही असं समजा आणि तेव्हाच दुसरा माणूस शोधा.