चुकीचं निदान दुरुस्त करण्याचं पत्र: या चुका टाळा

'सदर रुग्णाचे निदान चुकीचे नोंदले गेले आहे, कृपया दुरुस्त करावे.' रेकॉर्ड विभागाकडे ज्युनिअर डॉक्टरांची अशी पत्रं येतात, तेव्हा मला राग येतो. काय चुकलं, कुठे चुकलं आणि बरोबर काय, यातलं एकही त्यात नसतं.

शिकत असताना असंच पत्र मीही दिलं होतं. रुग्णाला दाखल करताना आम्ही '? फुप्फुसाचा क्षयरोग' असं लिहिलं होतं. थुंकीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, साध्या अँटिबायोटिकवर ताप उतरला, अंतिम निदान न्यूमोनिया ठरलं. पण डिस्चार्ज कार्ड उतरवताना प्रश्नचिन्ह गळलं आणि आमच्या शंकेचं निदान झालं. त्यावरून A16.2 हा क्षयरोगाचा कोड चढला. माझं पत्र वाचून रेकॉर्ड विभागाने फाइलचं पहिलं पान दुरुस्त केलं. कार्ड आणि कोड तसेच राहिले, कारण मी त्यांचं नावच घेतलं नव्हतं. काही महिन्यांनी तो माणूस खोकला घेऊन परत आला, तर ड्युटीवरच्या डॉक्टरने 'जुना टीबी' धरूनच तपासणी सुरू केली.

तेव्हापासून मी आधी फाइल उघडतो, चूक किती ठिकाणी आहे ते मोजतो आणि मगच लिहितो:

'नोंदणी क्रमांक …, दाखल दि. …. डिस्चार्ज कार्ड, पहिले पान व संगणकातील नोंद येथे "फुप्फुसाचा क्षयरोग (A16.2)" असे आहे. अंतिम निदान "न्यूमोनिया (J18.9)" असे हवे. आधार: दि. … चे थुंकीचे अहवाल व दि. … ची वरिष्ठांची नोंद. प्रती जोडल्या आहेत. तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करून कळवावे.'

दुसरी चूक याहून वाईट: 'जुनी नोंद काढून टाका' अशी विनंती, किंवा पत्राचा कंटाळा करून स्वतःच व्हाइटनर लावणं. त्या चुकीच्या निदानावर कुणी औषध दिलं असेल, तर ते का दिलं हे नंतर कळायला जुनी नोंद वाचता आली पाहिजे. कागदावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर निदान, तारीख, वेळ आणि सही. संगणकात मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद. दुरुस्तीवर आजची तारीख टाका, डिस्चार्जच्या दिवसाची नव्हे.

नुसत्या नावावर पत्र देऊ नका. एकाच नावाचे दोन रुग्ण असतात. निदान बदलायचं तर उपचार करणाऱ्या वरिष्ठांची सही घ्या. चूक कुणाची, हे या पत्रात लिहू नका. आणि एकाच्या फाइलमध्ये दुसऱ्याचं निदान गेलं असेल, तर दोन्ही फाइलींसाठी स्वतंत्र पत्रं द्या, एकात दुसऱ्याचं नाव येऊ न देता.

रुग्णाच्या हातातलं कार्ड मात्र रेकॉर्ड विभाग बदलू शकत नाही. त्याला बोलावून नवं कार्ड मी स्वतः देतो, काय बदललं ते सांगतो आणि जुन्यावर 'रद्द' लिहितो. आठवड्याने फाइल पुन्हा मागवून तिन्ही जागा बघतो.