एकदिवसीय परिषदेचे मिनिट-टू-मिनिट वेळापत्रक कसे तयार करावे

पाहुण्यांना पाठवलेली कार्यक्रमपत्रिका आणि परिषद प्रत्यक्ष चालवण्यासाठी लागणारे मिनिट-टू-मिनिट वेळापत्रक ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. पत्रिकेत ‘१०.०० उद्घाटन’ एवढेच छापलेले असते. समईत तेल कोणी घालायचे, पंखे कोणी बंद करायचे आणि पाहुणे अजून वाटेतच असतील तर काय करायचे, हे दुसऱ्या कागदावर असावे लागते. हा कागद कसा लिहावा, हे उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात ग्रंथपालांची एकदिवसीय परिषद आहे, प्रतिनिधी २५० आहेत आणि सर्व सत्रे एकाच सभागृहात होणार आहेत.

प्रथम न हलणाऱ्या वेळा ठरवाव्यात. या परिषदेत त्या दोनच आहेत : दुपारी १.०० चे जेवण आणि सायंकाळी ५.०० ची सांगता. जेवण लांबले की अन्न निवते आणि दुपारचे सत्र अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर सुरू होते. सांगता लांबली की परगावचे प्रतिनिधी गाडी गाठण्यासाठी मध्येच उठू लागतात. म्हणून उरलेला दिवस या दोन वेळांपासून उलट मोजत बसवावा. आपल्या उदाहरणात उद्घाटन १०.०० ते १०.५०, बीजभाषण ११.३० पर्यंत, चहा ११.५० पर्यंत आणि पहिले सत्र १.०० पर्यंत असे होते. त्या ७० मिनिटांत तीन वक्त्यांना प्रत्येकी १८ मिनिटे दिली, तर प्रश्नोत्तरांसाठी १६ मिनिटे उरतात, आणि उशीर झालाच तर कात्री याच १६ मिनिटांना लावायची, हे आधीच लिहून ठेवावे. जेवणानंतर दुसरे सत्र २.०० ते ३.१०, चहा ३.३० पर्यंत, परिसंवाद ४.२० पर्यंत आणि समारोप ४.५० पर्यंत धरला, तर शेवटी दहा मिनिटे हाताशी राहतात.

सर्वाधिक हिशेब चुकतो तो उद्घाटनाचा. शाल, श्रीफळ आणि पुस्तक देऊन होणाऱ्या एका सत्काराला, नाव पुकारण्यापासून छायाचित्र निघेपर्यंत, दीड मिनिट सहज लागते. मंचावर सहा जण असतील तर केवळ सत्कारालाच नऊ मिनिटे जातात. दीपप्रज्वलनाची ओळ कागदावर साधारण अशी दिसावी :

९.४० – समईत तेल-वाती पाहणे, पेटवायची मेणबत्ती आणि काडेपेटी ताटात ठेवणे (मंचव्यवस्था)
१०.०१ – मंचावरील पंखे बंद (सभागृहाचा वीजतंत्री, सूत्रसंचालकाने समईचा उल्लेख करताच)
१०.०२ – दीपप्रज्वलन, ३ मिनिटे
१०.०५ – पंखे सुरू, स्वागत

प्रत्येक ओळीत वेळ, काम, कामाचा माणूस आणि ते कोणत्या खुणेवर सुरू होणार, एवढे असले की पुरे. माणसाच्या जागी ‘समिती’ असे कधीही लिहू नये. समितीला फोन लावता येत नाही.

यानंतर पुरवठादारांच्या येण्याच्या वेळा लिहाव्यात. क्रम ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात : कोणाचे वाहन फाटक अडवते आणि कोणाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून आहे. मंचामागचा फ्लेक्स, खुर्च्या आणि ध्वनियंत्रणेच्या तारा शक्यतो आदल्या संध्याकाळीच लावून घ्याव्यात. सकाळी ६.०० ला सभागृह उघडावे, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्या कर्मचाऱ्याचे नावही कागदावर असावे. ६.३० ला जनरेटरची गाडी येऊन वीजफलकाजवळ उभी राहावी, म्हणजे नंतर येणारा टेम्पो तिची जागा घेणार नाही. ७.०० ला साउंडवाले, ७.३० ला फुले आणि ८.०० ला केटररचा चहा-नाश्ता. जेवणाचा टेम्पो ११.१५ ला मागच्या फाटकाने यावा आणि १२.४० ला समितीतील एकाने पदार्थ चाखून मांडणी पाहावी. शहरात जड वाहनांना ठरावीक तासांत बंदी असलेले रस्ते असतात, त्यामुळे वाहन कोणत्या रस्त्याने येणार, हे प्रत्येक पुरवठादाराला आठवडाभर आधी विचारून घ्यावे.

नोंदणी आणि जेवण या दोन्ही ठिकाणी वेळ रांगेत जातो. एका प्रतिनिधीची सही घेऊन त्याला पिशवी देण्यास ४५ सेकंद धरले, तर एका टेबलावर पाऊण तासात ६० जणांचीच नोंदणी होते, म्हणून ९.१५ ते १०.०० या गर्दीसाठी चार टेबले लागतात. बुफेच्या एका बाजूने मिनिटाला चार माणसे पुढे सरकतात असे धरले, तर दोन्ही बाजूंनी वाढायचे एक टेबल २५० जणांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेईल, आणि शेवटच्या माणसाला दोनच्या आत जेवण आटोपणे कठीण जाईल. तशी दोन टेबले मांडली की रांग पंधरा-सोळा मिनिटांत संपते.

पर्यायी योजना लिहिताना ‘गरज पडल्यास पर्याय वापरावा’ असे मोघम वाक्य निरुपयोगी ठरते. निर्णय किती वाजता घ्यायचा, कोणी घ्यायचा आणि त्यापायी कार्यक्रमातले काय बदलेल, ही तीन उत्तरे हवीत. प्रमुख पाहुण्यांच्या उशिराचे पाहू. त्यांच्यासोबत गाडीत असलेल्या कार्यकर्त्याने ९.३० ला ठिकाण कळवायचे. ९.५० ला ते पंधरा मिनिटांच्या अंतरात नसतील, तर कार्याध्यक्षांनी बीजभाषण आधी घेण्याचा निर्णय द्यायचा. बीजभाषकांना ही शक्यता आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. मग १०.०० ला पाच मिनिटांचे स्वागत आणि १०.०५ ते १०.४५ बीजभाषण होईल. पाहुणे १०.३५ ला पोहोचले तरी भाषण थांबवू नये. त्यांना प्राचार्यांच्या दालनात चहा द्यावा आणि १०.४५ ला समईपाशी आणावे. स्वागत आधीच उरकलेले असल्याने उरलेल्या ४५ मिनिटांत उद्घाटन बसते आणि चहा ठरल्याप्रमाणे ११.३० ला होतो. १०.४५ लाही पाहुणे आलेले नसतील, तर परिषदेच्या अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून पाहुण्यांना समारोपात बोलवावे. यजमानांना हे जरा अवघड वाटते, पण २५० माणसांना ताटकळत ठेवणे त्याहून अवघड आहे.

विजेच्या बाबतीत आधी वार पाहावा. पुण्यात महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी होतात, म्हणून तो दिवस शक्यतो टाळावा. जनरेटर नुसता उभा असणे पुरेसे नाही, ८.०० ला मुख्य वीज खरोखर बंद करून भार जनरेटरवर जातो का आणि त्याला किती वेळ लागतो, हे पाहावे. मधल्या क्षणांसाठी ध्वनिमिश्रक, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यूपीएसवर असावेत, कारण दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला तर थंड होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत काही मिनिटे पडदा कोरा राहतो. सर्व वक्त्यांची सादरीकरणे ८.१५ पर्यंत एकाच लॅपटॉपवर घेऊन उघडून पाहावीत, कारण जुन्या मराठी फाँटमध्ये केलेल्या स्लाइडवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसू शकतात. वेळ नसेल तर त्या वक्त्याकडून निदान पीडीएफ घ्यावी.

आदल्या रात्री ९.०० ला वेळापत्रक अंतिम करावे, त्यावर प्रतीचा क्रमांक आणि वेळ घालावी, जुन्या प्रती गोळा कराव्यात. पुरवठादाराला संपूर्ण कागद न देता त्याच्यापुरत्या ओळी, मंचव्यवस्थापकाच्या फोन क्रमांकासह, पाठवाव्यात. दिवसभर बदल करण्याचा अधिकार त्या एकाच व्यक्तीकडे असावा आणि सूत्रसंचालकाने तिच्याच चिठ्ठीवरून घोषणा करावी.

जाण्याचा क्रमही याच कागदावर हवा. ५.०० नंतर प्रथम केटररची भांडी, मग साउंडवाले, मग खुर्च्या आणि फ्लेक्स. उतरवणीच्या वेळी वीज गेली तर दिवे लागतात, म्हणून जनरेटरची गाडी सर्वांत शेवटी सोडावी, आणि तिचे भाडे ठरवतानाच हे दोन तास त्यात धरून घ्यावेत.