टायट्रेशनचं उत्तर दहापट चुकलंय, हे कसं ओळखावं?

गुहागरजवळच्या खाडीकाठच्या चार विहिरींच्या पाण्यातलं क्लोराइड मोजून झालं होतं. रात्री साडेबाराला वसतिगृहात जर्नल पुन्हा तपासताना बी.एस्सी.ची विद्यार्थिनी अडखळली. पहिल्या विहिरीचं उत्तर १२४० मि.ग्रॅ./लिटर आलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. म्हणजे हे पाणी नापास. पण ते तर गावात रोज पितात, आणि कोणी मचूळ म्हणत नाही.

अशा वेळी आकडेमोड तशीच पुन्हा करू नका. तोच आकडा कॅल्क्युलेटरमध्ये घातला तर तेच उत्तर येणार. आधी वेगळ्या मोजमापाशी ताळा घ्या. १२४० मि.ग्रॅ. क्लोराइड असेल तर पाण्याची विद्युतवाहकता निदान साडेतीन हजार मायक्रोसीमेन्सच्या घरात हवी. तिच्या नोंदीत ६२० होती. म्हणजे खोट पाण्यात नसून हिशेबात होती.

मग सूत्रातला एकेक आकडा मूळ नोंदीपर्यंत मागे न्या:

क्लोराइड = (ब्युरेट रीडिंग − ब्लँक) × नॉर्मॅलिटी × ३५४५० ÷ नमुना (मि.ली.)

रीडिंग १२.६, ब्लँक ०.२, नमुना ५० मि.ली. हे सगळं कच्च्या वहीशी जुळलं. उरली सिल्व्हर नायट्रेटची नॉर्मॅलिटी. पक्क्या वहीत ०.१४१ लिहिली होती. ती पडताळायला वजनाच्या नोंदीकडे जा: २.३९५ ग्रॅम, एक लिटरमध्ये. २.३९५ ला १६९.८७ ने भागलं की ०.०१४१ येतं. उतरवताना एक शून्य गळलं होतं.

नव्याने मांडलं: १२.४ × ०.०१४१ × ३५४५० ÷ ५० = १२४. तोंडी ताळाही सोपा आहे. या द्रावणाचा १ मि.ली. म्हणजे सुमारे अर्धा मि.ग्रॅ. क्लोराइड. १२.४ मि.ली. म्हणजे ६.२ मि.ग्रॅ., आणि ५० मि.ली.चं लिटर करायला गुणिले २०.

ही चूक आधी का दिसली नाही? चारही विहिरींना तीच नॉर्मॅलिटी लावली होती. १२४०, ९६०, १५१० आणि ८८० हे आकडे एकमेकांशेजारी अगदी शहाण्यासारखे दिसतात, कारण सगळेच दहापट फुगलेले आहेत. त्यामुळे एक दुरुस्त करून थांबू नका, ते द्रावण वापरलेला प्रत्येक निकाल बदला. जुना आकडा खोडरबराने पुसू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख घाला.

एक मात्र आहे. विटकरी रंग ठळक होईपर्यंत थेंब टाकत राहिलात, तर रीडिंगच थोडं जास्त येतं. ती चूक दशांश चिन्ह तपासून सापडत नाही. तिच्यासाठी सकाळी त्याच नमुन्याचं पुन्हा टायट्रेशनच करावं लागतं.