बदलीसह आलेली बढती नाकारताना

नकार गुळमुळीत दिला की महिन्याभरात तोच विषय पुन्हा निघतो. म्हणून आधी साहेबांना समोरासमोर सांगा आणि त्याच दिवशी छोटा मेल टाका:

"या पदासाठी माझा विचार केलात, मनापासून आभार. घरच्या जबाबदारीमुळे पुढची दोन वर्षं मला शहर सोडता येणार नाही, त्यामुळे ही बढती मी स्वीकारत नाही. इथेच वरचं काम निघालं तर जरूर सांगा."

कारण एकच द्या. घरभाडं, मुलांची शाळा, सामान हलवणं अशी यादी दिलीत, की एकेक अडचण सोडवून देतात आणि मग नाही म्हणायला तोंड राहत नाही.

मेलआधी नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम मात्र वाचा. प्रस्ताव नाकारता येतो. बदलीचा आदेशच निघाला असेल, तर विनंतीअर्ज करावा लागतो.