फॅमिली डॉक्टर सोडताना पत्र देताय? या चुका टाळा

वीस-पंचवीस वर्षं एकाच डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला डॉक्टर बदलायचा म्हटलं की आधी अवघडल्यासारखं होतं, आणि मग पत्रात कोणी चार पानं सफाई देत बसतं, कोणी जुना राग काढतं, आणि बरेच जण तर पत्रच देत नाहीत, गुपचूप दुसरीकडे जायला लागतात. मी एका ओपीडीत नवीन पेशंटची हिस्टरी लिहून घेते, त्यामुळे जुन्या डॉक्टरकडून काय यायला हवं होतं आणि काय राहून गेलं हे समोरच दिसतं.

सगळ्यात मोठी चूक: "माझे सगळे रिपोर्ट द्या" एवढंच लिहिणं

रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्याच घरी असतात हो. लॅबचे पैसे तुम्ही भरलेत, सोनोग्राफीची फाइल तुमच्याच कपाटात आहे. डॉक्टरांकडे जे आहे ते वेगळंच, ते म्हणजे केस पेपर. त्यात कुठली गोळी कधी सुरू केली, डोस कधी वाढवला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठली गोळी का बंद केली हे असतं. हे लॅबच्या कुठल्याच कागदावर नसतं.

एक उदाहरण सांगते. ठाण्याहून पुण्याला मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू होत्या, पासष्टीच्या आसपासच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. पिशवीत रिपोर्ट अगदी तारखेप्रमाणे लावलेले, जुन्या डॉक्टरांचा कागद मात्र एकच, शेवटच्या गोळ्यांची चिठ्ठी. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू होती, त्याने घोट्यांना सूज येत होती, शिवाय शुगरमुळे लघवीतून प्रोटीन जात होतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती बदलून रामिप्रिल दिली, शुगरवाल्या पेशंटला प्रोटीन जात असेल तर ती चांगलीच गोळी आहे. दोन-तीन आठवड्यांत काकूंना कोरडा खोकला लागला, रात्री झोप नाही, मग खोकल्याचं औषध, मग छातीचा एक्स-रे, तो नॉर्मल. शेवटी मुलाने ठाण्याच्या दवाखान्यात फोन केला आणि तिथल्या कंपाउंडरने केस पेपर काढून वाचून दाखवला, की बऱ्याच वर्षांपूर्वी एनालाप्रिल दिली होती, कोरड्या खोकल्यामुळे बंद केली आणि म्हणून ॲम्लोडिपिन सुरू केली. एनालाप्रिल आणि रामिप्रिल एकाच गटातल्या, या गटाच्या गोळ्यांनी काही लोकांना असा खोकला येतोच, एकीने आला की दुसरीनेही येण्याची शक्यता जास्त. मग टेल्मिसार्टन दिली, ती वेगळ्या गटातली, काही आठवड्यांत खोकला गेला. काकूंना विचारलं होतं की कुठलं औषध सोसत नाही का, तर त्या नाही म्हणाल्या होत्या, आणि त्यांचंही खरंच होतं, इतक्या जुन्या गोळीचं नाव कोणाच्या लक्षात राहणार!

म्हणून पत्रात नेमकं मागा. केस पेपरची झेरॉक्स, न सोसलेल्या आणि बंद केलेल्या औषधांची नावं आणि कारण, शुगर-बीपी-थायरॉइड पहिल्यांदा कधी सापडलं ते साल, आणि जुना ईसीजी. आजार कधीपासून आहे हे मेडिक्लेमवाले पण विचारतात, त्यामुळे ते साल डॉक्टरांच्या लेटरहेडवर असलेलं बरं. आणि जुन्या ईसीजीला लोक अजिबात किंमत देत नाहीत, पण उद्या छातीत दुखलं आणि नवीन ईसीजीत काही वेगळं दिसलं तर ते आजचं की आधीपासूनचंच हे जुना शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं. ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होत जातो, तेव्हा मिळाला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ कागद लॅमिनेट करायला जाऊ नका, उष्णतेने तो काळा पडतो.

तक्रार आणि मागणी एकाच पत्रात

डॉक्टर वेळ देत नव्हते, फी वाढवली, आईच्या वेळी निदान उशिरा झालं, असं काहीही मनात असू शकतं आणि ते खरंही असेल. पण ते या पत्रात आलं की दवाखान्यात हे पत्र कागद मागणारं न राहता भांडणाचं होतं, डॉक्टर आधी सल्ला घेतात, मग उत्तर देतात, आणि तोवर तुमचा केस पेपर तिथेच. तक्रार करायचीच असेल तर वेगळं पत्र, आणि तेही कागद हातात आल्यावर. सोडण्याचं कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. "घर बदललं" असं खोटं कारणही देऊ नका, त्याच गल्लीत राहत असाल तर भाजी घेताना भेटणारच आहात. कारण न देता लिहिलं तरी चालतं.

पत्र साधारण असं असावं:

*आदरणीय डॉक्टरसाहेब,*

*मी (पूर्ण नाव, वय, मोबाइल, दवाखान्याचा फाइल नंबर) बरीच वर्षं आपल्याकडे उपचार घेत आहे. यापुढे मी दुसऱ्या डॉक्टरांकडे उपचार घेणार आहे. आपण आजवर केलेल्या उपचारांबद्दल मी आभारी आहे.*

*पुढील उपचारांसाठी मला या गोष्टींच्या प्रती हव्या आहेत: १) माझा केस पेपर, २) न सोसलेल्या व बंद केलेल्या औषधांची नावे आणि कारणे, ३) सध्याची औषधे, डोस आणि कधीपासून, ४) मधुमेह व रक्तदाबाचे निदान कधी झाले ते, ५) आपल्याकडे असलेले जुने ईसीजी व स्पेशालिस्टची पत्रे. क्रमांक २ ते ४ आपण लेटरहेडवर थोडक्यात लिहून दिलेत तरी चालेल.*

*झेरॉक्सचा खर्च मी देईन. कागद घ्यायला मी स्वतः येईन, येणे न जमल्यास माझा मुलगा माझे सहीचे अधिकारपत्र व ओळखपत्र घेऊन येईल. कधी यावे ते कृपया कळवावे.*

*आपली/आपला, सही, तारीख*

एवढंच. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचून होईल असं पाहिजे.

पहिल्याच पत्रात कायद्याची धमकी

ऑनलाइन कुठेतरी "७२ तासांत रेकॉर्ड द्यावेच लागतात" असं वाचून लोक ते पहिल्या ओळीतच टाकतात. नियम आहे, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की तिची नोंद घेऊन ७२ तासांत कागद द्यायचे असं त्यात आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते पण त्याच महिन्यात स्थगित झाले आणि परत २००२ चेच लागू झाले. पण रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायची जी सक्ती त्यात आहे ती ॲडमिट झालेल्या पेशंटच्या रेकॉर्डची आहे. तुमच्या नाक्यावरच्या दवाखान्यात तुम्ही ॲडमिट नव्हता, ओपीडीत दाखवलंत, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा केस पेपर त्यांनी ठेवलाच पाहिजे होता असं तुम्ही या नियमावरून म्हणू शकत नाही. आणि दुसरं म्हणजे हे नियम ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचे आहेत. आपल्याकडचे कितीतरी फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, त्यांची कौन्सिल वेगळी, नियम वेगळे. पाटीवरची डिग्री न बघता कलम लिहिलं तर पत्राचं वजनच जातं.

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होतात तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे हा नियम सरळ लागू पडतो आणि मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये राहेजा यांच्या केसमध्ये पेशंटला कागदांच्या प्रती द्यायलाच हव्यात असं सांगितलेलं आहे. पण ती मागणी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे करायची, ऑपरेशनचे किंवा बायोप्सीचे कागद फॅमिली डॉक्टरकडे मागून उपयोग नाही.

गोळ्या संपत आल्यावर पत्र देणं

पत्र दिलं, नवीन डॉक्टरांची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी मिळाली, आणि गोळ्या चारच दिवसांच्या उरल्यात, मग जुन्या दवाखान्यात परत जायला लाज वाटते म्हणून गोळीच बंद. हे फार होतं. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद केली तर नाडी आणि बीपी उसळतं, फिटच्या गोळ्यांचं तर विचारायलाच नको. आधी नवीन डॉक्टर ठरवा, महिनाभराच्या गोळ्या घरात असू द्या, मग पत्र द्या.

सगळ्या घराचं एकच पत्र

आईबाबा, बायको, मुलं सगळ्यांचे कागद एकाच पत्रात, सही एकाची. अठराच्या वरच्या प्रत्येकाने आपापलं पत्र द्यायचं, नवऱ्याने बायकोचा केस पेपर मागितला तर तिच्या सहीशिवाय देऊ नये हेच बरोबर आहे. लहान मुलांसाठी आई किंवा वडिलांची सही चालते, आणि त्यांच्या पत्रात लसींच्या तारखा मागायला विसरू नका.

पत्र दिलं, पण काहीच होत नाहीये

आधी बघा पोच घेतली होती का. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर "मिळाले", तारीख आणि दवाखान्याचा शिक्का. कंपाउंडर शिक्का देत नसेल तर वाद न घालता स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. नुसता व्हॉट्सॲप मेसेज केला असेल तर तो दोनशे मेसेजखाली गेलाय असंच समजा.

आठवडाभर वाट बघून एकदा स्वतः जा, दुपारी ओपीडी संपताना, सोमवार टाळून. "रेकॉर्डच नाही" असं उत्तर आलं तर अडून बसू नका, डॉक्टरांना आठवतं तेवढं आणि सध्याची औषधं लेटरहेडवर लिहून सही-शिक्का मागा, बहुतेक डॉक्टर हे लगेच देतात. दवाखानाच बंद झाला असेल तर नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे जुनी बिलं निघतात का बघा, त्यावरून कुठली गोळी कधी बदलली ते बरंचसं जुळवता येतं, आणि लॅबवाले नाव-मोबाइलवरून जुने रिपोर्ट काढून देऊ शकतात.

केस पेपरचे मोबाइलवर फोटो मिळाले तर तिथेच उघडून बघा, कडेची तारीख कापली गेली असेल तर तो कागद निम्म्या कामाचा, आणि केस पेपरला मागची बाजूही असते, ती हमखास राहते. अक्षर लागत नसेल तर तिथल्या तिथे कंपाउंडरला विचारून बाजूला पेन्सिलीने गोळीचं नाव लिहून घ्या, कारण ते अक्षर वाचणारा माणूस तिथेच आहे, नवीन दवाखान्यात नाही.

आणि कागद असूनही स्पष्ट नकारच मिळाला, तर दुसरं स्मरणपत्र, त्यात पहिल्या पोचेची तारीख आणि डिग्रीप्रमाणे लागू असलेला नियम. त्यानंतर एमबीबीएस आणि वरच्या डिग्रीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएससाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, बीएचएमएससाठी होमिओपॅथीची कौन्सिल. अर्जासोबत दोन्ही पत्रांच्या प्रती आणि पोचा जोडाव्या लागतात, म्हणून ती शिक्क्याची प्रत नवीन फाइलमध्ये नका ठेवू, घरी ठेवा.