लहान पार्सल, ढीगभर प्लास्टिक: विक्रेत्याला तक्रारीचा ईमेल कसा लिहावा

बोटभर वस्तू मागवावी आणि दारात बुटांच्या खोक्याएवढं पार्सल यावं, हे आता रोजचं झालं आहे. त्यावर तक्रार करणारेही पुष्कळ आहेत. पण बहुतेकांचा ईमेल ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ या एका ओळीत संपतो. लोकांना सल्ला मिळतो तोच मुळात चुकीचा असतो: कडक शब्दांत लिहा, समुद्रातल्या कासवांचे फोटो जोडा, प्लास्टिकबंदीचा धाक घाला. यातल्या कशानेही पॅकिंग बदलत नाही. बदलतं ते एका ठरावीक वस्तूचं ठरावीक पॅकिंग मोजून दाखवल्यावर आणि त्याऐवजी काय हवं ते नेमकं मागितल्यावर.

उदाहरण खरंच घेऊ. शिलाई मशीनची धातूची बॉबिन केस मागवली होती. वजन २० ग्रॅम, आकार सुपारीहून जरा मोठा. ती आली ती अशी: झिपच्या प्लास्टिक पिशवीत, तिच्याभोवती साधारण मीटरभर बबल रॅप, तो गुंडाळा २४ × १८ × १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्यातली पोकळी भरायला हवा भरलेल्या चार प्लास्टिकच्या उश्या आणि या सगळ्यावर कुरिअरची चिकट तोंडाची पिशवी.

काहीही फेकण्याआधी सगळे थर टेबलावर ओळीने मांडा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वरून एक फोटो काढा. पार्सलवरच्या लेबलचा दुसरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तू वेगळी आणि प्लास्टिक वेगळं तोला. माझ्या पार्सलमधलं प्लास्टिक ४८ ग्रॅम भरलं, म्हणजे वस्तूच्या दुपटीहून जास्त.

मग पॅकिंग कोणी केलं ते शोधा. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि पत्ता असतो, लेबलवर माल कुठून निघाला तो पत्ता असतो. दोन्ही जुळले तर विक्रेत्यानेच भरलं आहे, ईमेल त्याला जाईल. माल वेबसाइटच्या स्वतःच्या गोदामातून निघाला असेल तर विक्रेत्याने ते खोकं पाहिलेलंही नसतं. तेव्हा ईमेल वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि प्रत विक्रेत्याला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या कंपन्या प्लास्टिक कमी केल्याच्या घोषणा करतात त्या सहसा त्यांच्या गोदामांपुरत्या असतात. घरून किंवा छोट्या गाळ्यातून माल पाठवणारा विक्रेता त्यात येत नाही. पत्ता सापडत नाही ही सबब चालत नाही: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वेबसाइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क दाखवावा लागतो आणि विक्रेत्याचा व्यवसायाचा पत्ताही. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो.

विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि वस्तूचं नाव. बस्स.

आता खरी अवघड जागा: मागणीचा परिच्छेद. मलाही सगळ्यात जास्त अडचण इथेच यायची. राग दोन मिनिटांत लिहून होतो, मागणी लिहिताना हात थांबतो.

ईमेल वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याच्यासमोर तक्रारींचे ठरलेले प्रकार असतात: वस्तू फुटली, वस्तू चुकीची आली, उशीर झाला, पैसे परत हवेत. ‘प्लास्टिक कमी वापरा’ यातल्या कशातच बसत नाही, म्हणून तो ते अभिप्रायात टाकतो आणि बंद करतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला करण्याजोगं काही तुम्ही दिलेलंच नसतं. म्हणून मागणी अशी हवी की तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागेल. एक वस्तू, एक बदल, एक तारीख.

बदल कोणता मागायचा, याचाही विचार हवा. विक्रेता बबल रॅप हौसेने गुंडाळत नाही. त्याला परत येणाऱ्या मालाची भीती असते. वस्तू चेपली, फुटली, भिजली की भुर्दंड त्यालाच. त्यामुळे गोदामात सगळ्यांत नाजूक वस्तूला लागतं ते पॅकिंग सरसकट सगळ्याला होतं. ही भीती तुम्ही ईमेलमध्ये आपणहून दूर केली नाहीत, तर उत्तर ठरलेलं आहे: ‘मालाच्या सुरक्षिततेसाठी’. बॉबिन केस धातूची आहे, हातातून फरशीवर पडली तरी तिला काही होत नाही, हे एका वाक्यात लिहा. काचेची बाटली असेल तर हे लिहिता येणार नाही. मग बबल रॅपऐवजी कागदी जाळीचं वेष्टण मागा, पण नुसतं ‘काढून टाका’ म्हणू नका.

बाहेरच्या पिशवीबद्दल माझं मत पक्कं आहे: तिच्यावर वाद घालू नका. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कागदी पाकीट उघड्या टेम्पोतून आलं तर लगदा होऊन येईल. शिवाय वाटेत कोणी उघडलं तर कळावं म्हणून ती चिकट तोंडाची पिशवी पुष्कळदा कुरिअरवालेच मागतात. ती मान्य करा आणि आतले तीन थर काढायला सांगा: बबल रॅप, हवेच्या उश्या आणि मोठं खोकं. बाहेरचा एक थर तुम्ही स्वतःच सोडून दिलात की आतल्या तिघांवर बोलणं सोपं होतं.

आणि पैशाचं बोला, पण विक्रेत्याच्या पैशाचं. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं, की किलो मिळतात. काही कंपन्या याहून लहान संख्येने भागतात, तेव्हा आकडा आणखी वाढतो. माझ्या खोक्याचं गणित: २४ × १८ × १० = ४३२०, भागिले ५००० म्हणजे ०.८६४ किलो. २० ग्रॅमच्या वस्तूला ८६४ ग्रॅमचा हिशेब. पहिला टप्पा अर्ध्या किलोचा असेल, आणि पुष्कळदा असतो, तर विक्रेता दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरतो आहे. तीच वस्तू १८ × १२ × २ च्या कागदी पाकिटात ८६ ग्रॅमवर येते. हा एक हिशेब पर्यावरणावरच्या पानभर मजकुराहून जास्त काम करतो, कारण तो वाचणारा तो लगेच मालकाला दाखवू शकतो.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. पैसे परत मागू नका. वस्तू चांगली असेल तर जास्त पॅकिंग हा मालातला दोष ठरवणं कठीण असतं, आणि ती मागणी नाकारताना बाकीचा ईमेलही बाजूला पडतो. ‘बंदी असलेलं प्लास्टिक वापरलंत’ असं लिहू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली ती स्ट्रॉ, प्लास्टिकचे कप-ताटल्या, मिठाईच्या खोक्यांवरचं वेष्टण अशा ठरावीक वस्तूंवर. त्या यादीत बबल रॅप नाही. चुकीचा कायदा सांगितलात की समोरचा फक्त तेवढंच खोडून काढतो. आणि एका ईमेलमध्ये जुन्या चार ऑर्डरींचा राग काढू नका.

मी पाठवलेला मजकूर, ऑर्डर क्रमांक वगळून:

विषय: ऑर्डर क्र. ______, बॉबिन केसचे पॅकिंग बदलण्याबाबत

महोदय,

वरील ऑर्डरमधील बॉबिन केस चांगल्या स्थितीत मिळाली. वस्तूबद्दल तक्रार नाही, पॅकिंगबद्दल आहे.

वस्तूचे वजन २० ग्रॅम, सोबतच्या प्लास्टिकचे ४८ ग्रॅम. खोके २४ × १८ × १० सें.मी. फोटो जोडले आहेत.

ही वस्तू धातूची असून धक्क्याने खराब होत नाही. कृपया यापुढे ती लहान कागदी पाकिटात घालून बाहेरच्या कुरिअर पिशवीत पाठवावी. बबल रॅप, हवेच्या उश्या आणि खोके यांची गरज नाही. आकारमानानुसार सध्याच्या खोक्याचे वजन ८६४ ग्रॅम धरले जाते, पाकिटाचे सुमारे ८६ ग्रॅम, त्यामुळे आपला कुरिअर खर्चही कमी व्हावा.

या वस्तूसाठी हा बदल करणार की नाही, हे कृपया १५ तारखेपर्यंत कळवावे. करणार नसल्यास कारण लिहावे.

आपला,

एवढंच. विक्रेता भिवंडीचा होता म्हणून मराठीत लिहिलं. राज्याबाहेरचा असेल तर हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, वाक्यं हीच ठेवा.

उत्तरात दोन शब्द हमखास येतात. पहिला ‘रिसायकल होणारं’. बबल रॅपवर किंवा पिशवीवर त्रिकोणात ४ आकडा असेल तर ते एलडीपीई या प्रकारचं प्लास्टिक आहे आणि ते रिसायकल होतं हे खरं. पण चिकटपट्टी आणि लेबल लागलेला पातळ तुकडा भंगारवाला सहसा घेत नाही. म्हणून या उत्तरावर वाद न घालता एवढंच लिहा: ‘माझी विनंती थर कमी करण्याची आहे, तिचं उत्तर अजून मिळालेलं नाही.’ दुसरा शब्द ‘बायोडिग्रेडेबल’. तो आला तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. असं प्लास्टिक बनवणाऱ्याला ते विकण्याआधी मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेव्हा माल खरा असेल तर क्रमांक मिळतो.

काहीच उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलवर पुढे लिहा, नवा सुरू करू नका. २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. या दोन मुदती टळल्या, की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मात्र शब्द बदला: ‘प्लास्टिक जास्त आहे’ असं नाही, तर ‘तक्रारीला मुदतीत उत्तर दिलं नाही’ असं. पहिलं मत ठरतं, दुसरं नियमभंग. हेल्पलाइन हुकूम काढत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. पण तिच्याकडून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या माणसाच्या टेबलावर जाते, आणि तिथे बहुधा उत्तर मिळतं.

‘हो’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. तीच वस्तू पुन्हा लागेल तेव्हा त्याच विक्रेत्याकडून मागवा. पाकिटात आली तर त्याच ईमेलवर फोटो आणि दोन ओळींचा आभार पाठवा, पुन्हा खोक्यात आली तर त्याच ईमेलवर त्यांचंच वाक्य उद्धृत करून नवा ऑर्डर क्रमांक लिहा. दुसऱ्या वेळी मोजमाप, कारणं, हिशेब काहीही लागत नाही.