शाळेच्या रेडिओची सुरुवातीची कविता: या चुका टाळा

सकाळी परिपाठाआधी पाच मिनिटं माईकवर चालणारा शाळेचा रेडिओ आता सोलापुरात बऱ्याच शाळांत दिसतो, आणि त्याची सुरुवात चार ओळींच्या कवितेनं होते. मी आमच्याकडचा हा कार्यक्रम बसवून देतो, त्यामुळं त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव वैतागलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोराच्या तोंडात न बसणारे शब्द. एका सरांनी हौसेनं लिहून आणलं, "प्रभातकिरणांनी प्रफुल्लित झाली सृष्टी, विद्यार्थीमित्रांवर करू ज्ञानाची वृष्टी". सहावीतली मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, मराठी एकदम झकास, वर्गात तिच्यासारखं कुणी बोलत नाही. पण माईकसमोर "प्रफु... प्रफुल्ल..." करत अडकली, मैदानात हशा पिकला आणि दुसऱ्या दिवशी ती माईकला हात लावायला तयार नाही. चूक पोरीची नव्हतीच. जोडाक्षर आणि लांबलचक समास एकाच ओळीत, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, वर "प्र" आणि "फु" असे ओठ मिटून फुटणारे आवाज, जे जवळ धरलेल्या माईकवर फट्‌कन वाजतात. इथं तर वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू, त्यामुळं शब्द पुस्तकातला नको, मधल्या सुट्टीतला हवा.

मग आम्ही तिच्यासोबतच बसून हे केलं:

ऊन आलं अंगणात
दप्तर ठेवा बाजूला
कान इकडं करा की
रेडिओ आला भेटीला

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर धरायचं एकच. पण माझा भरवसा मोजण्यापेक्षा टाळीवर. ऊन, आलं, अंग, णात, अशा चार टाळ्यांत ओळ बसली पाहिजे. तीन टाळ्यांत घाईनं कोंबावी लागली किंवा पाचवी लागली तर शब्द बदला, पोराला दामटू नका. "की" मुद्दाम ठेवलाय, तो इथल्या बोलण्यातलाच आहे आणि तो म्हणताना आवाज आपोआप हसरा होतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. बटण दाबलं की लगेच बोलायला सुरुवात. बऱ्याच साध्या माईकवर पहिला शब्दच कापला जातो आणि पोरंही अजून रांगेत ढकलाढकली करत असतात. मी एकदा मोबाईल देऊन एकाला पार मागं नळांपाशी उभं केलं, तर रेकॉर्डिंगमध्ये "...लं अंगणात" एवढंच. स्टेजजवळ उभं राहून हे कधीच कळणार नाही, मागं जाऊनच ऐकावं लागतं. आता आमचा नियम असा की बटण दाबायचं, मनात एक-दोन म्हणायचं, मग तोंड उघडायचं. आणि पहिल्या ओळीत कामाची माहिती ठेवायची नाही. ऊन गेलं तरी चालतं, पण रेडिओचं नाव पहिल्याच ओळीत घातलं आणि तेच गेलं तर मागच्यांना काय चाललंय तेच कळत नाही. म्हणून नाव चौथ्या ओळीत.

याच मागच्या जागेवरून आणखी एक कळलं. समोरची इमारत साधारण 34 मीटरवर असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत यायला 0.2 सेकंद लागतात, आणि पोरगं न थांबता पुढची ओळ म्हणतं तेव्हा दोन्ही ओळी एकमेकींवर चढतात. उपाय आवाज वाढवणं नाही. तरीपण जो तो ॲम्प्लिफायरचं बटणच पिळतो, मग शिट्टी वाजते! ओळ संपली की एक रिकामी टाळी मनात द्या, बास.

माईक तोंडाच्या अगदी समोर धरू नका, हनुवटीजवळ थोडा तिरका ठेवा.

मोबाईलवरची तयार कविता उचलू नका, ती तुमच्या पोरांच्या तोंडासाठी लिहिलेली नसते.

रोज नवीन कविता करायचा अट्टाहासही सोडा. नवीन सूत्रसंचालक असला की त्याला पहिल्याच आठवड्यात पाच कविता हव्या असतात, आणि पाचही कच्च्या राहतात. खालच्या तीन ओळी तशाच ठेवा, फक्त पहिली बदला. पावसात "ढग आले शाळेवर", जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे इथल्या गड्ड्याच्या दिवसांत "गड्डा भरला जोरात". दोन्हींत आठच अक्षरं, चारच टाळ्या. तीन ओळी ओळखीच्या असल्या की पोरं मैदानातूनच "रेडिओ आला भेटीला" एका सुरात म्हणायला लागतात.

ती सहावीतली पोरगी आठवड्यानं परत आली. गड्ड्याची ओळ तिनंच सुचवली होती, चार टाळ्या आधी बाकावर वाजवून बघून.